चार दिवसांत उतरलेले २.८ किलो कशाचे होते?

*नमस्कार डॉक्टर, माझं वय ३६, उंची पाच फूट दोन, वजन ७१ किलो. धाकट्या दिराचं लग्न सहा आठवड्यांवर आलंय. जाऊबाईंच्या ओळखीच्या एका वेलनेस कोचकडून २८ दिवसांचं पॅकेज घेतलं, साडेपाच हजारांचं. रोज रात्री डिटॉक्स चहा, रोज दोन फॅट बर्नर कॅप्सूल आणि पहिले चार दिवस जेवण बंद, नुसते ज्यूस. चार दिवसांत २.८ किलो उतरलं! जेवण सुरू केलं तर आठवड्यात दोन किलो परत. आता पोटात पिळा येतो, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, छातीत धडधडतं, झोप लागत नाही. तोंड कोरडं पडतं, पण भूक मात्र अजिबात लागत नाही. कोच म्हणतात, विषद्रव्यं बाहेर पडतायत, मध्येच सोडू नका. मी थायरॉइडची गोळी घेते. सगळं हर्बल आहे, मग चालू ठेवू का?*
*– एक वाचक, सांगली*

नमस्कार.

आज रात्रीचा चहा करू नका आणि कॅप्सूल तर आत्तापासूनच बंद करा. बाटली, चहाचं पाकीट आणि पैसे भरल्याची पावती मात्र जपून ठेवा, ती लागणार आहे. उद्या सकाळी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब मोजून घ्या, ईसीजी काढा आणि रक्तातलं पोटॅशियम तपासा. हे आधी सांगतोय, कारण पुढचं उत्तर लांब आहे आणि धडधड तेवढा वेळ थांबेलच असं नाही. चक्कर येऊन पडलात, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर उद्याची वाटही पाहू नका.

आता त्या २.८ किलोंकडे वळू, कारण तुमचा सगळा विश्वास तिथेच बसलाय. आकडा खरा आहे. काटा खोटं बोलला नाही, पण किलो कशाचे गेले हे सांगणं काट्याचं काम नव्हे.

शरीरातली एक किलो चरबी खर्च व्हायला सुमारे ७७०० कॅलरींची तूट लागते. २.८ किलो चरबी म्हणजे साडेएकवीस हजार कॅलरी. तुमच्या वयाची, उंचीची, घरकाम आणि बैठं काम करणारी बाई दिवसाला १८०० ते १९०० कॅलरी वापरते. म्हणजे चार दिवस पाण्याचा घोटही न घेता निर्जळी उपास केला असता, तरी तूट साडेसात हजारांच्या आसपास थांबली असती. पूर्ण उपाशी राहूनही एक किलो चरबी जात नाही. तुम्ही तर ज्यूस घेत होतात. सहा बाटल्यांचे दिवसाला ७००-८०० धरले, तर चार दिवसांची तूट साधारण ४४०० कॅलरी.

आणि ही तूटसुद्धा शरीर आधी चरबीतून भरून काढत नाही. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखरेची तात्पुरती शिल्लक असते, सुमारे ४०० ग्रॅम. तुमच्यासारख्या ज्यूसवर राहिलेल्या माणसाचं आधी ते कमी होतं. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून बसलेलं असतं. ते बहुतेक संपलं की १.६ किलो कमी झालं, आणि त्यातलं १.२ किलो निव्वळ पाणी. उरलेल्या तुटीतून चरबी गेली असेल ३५०-४०० ग्रॅम. बाकीचं पाऊण-एक किलो म्हणजे चहाने बाहेर काढलेला मळ, आणि मीठ कमी झाल्यामुळे लघवीवाटे गेलेलं पाणी. बेरीज जुळते. भात-भाकरी सुरू केल्यावर ग्लायकोजेन पुन्हा भरलं, त्याच्याबरोबर पाणी आलं आणि आतड्यात पुन्हा अन्न आलं. दोन किलो परत आले ते याचेच. तुम्ही 'कंट्रोल सोडला' म्हणून ते आले नाहीत. लग्नाच्या पंक्तीत पहिला घास खाल्ला असता तरी आले असते.

कोचना मात्र यातून दोन्हीकडून फायदा. उतरलं ते पॅकेजमुळे, चढलं ते तुमच्यामुळे.

पाकिटावरची घटकद्रव्यांची यादी नीट वाचा. त्यात सेन्ना, सोनामुखी, स्वर्णपत्री किंवा कॅसिया यांपैकी एखादं नाव बहुधा सापडेल. चारही नावं एकाच झाडाची आहेत. तुमच्या आजेसासूबाईंना विचारलंत तर त्या हसतील. बद्धकोष्ठावर सोनामुखीचा काढा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देतात. काही चहांत सोनामुखीऐवजी बाहव्याचा मगज किंवा काळा बोळ, म्हणजे कोरफडीचा आटवलेला चीक असतो. काम तेच. नाव सापडलं नाही तरी ओळखायची खूण सोपी आहे: रात्री कप घेतल्यावर सहा ते बारा तासांनी पोटात मुरडा येऊन पातळ शौचाला होतं का? होत असेल, तर तो चहा म्हणजे जुलाबाचं औषध आहे, पाकिटावर कमळाचं फूल असो की डोंगर.

सहा ते बारा तास का लागतात, यातच चहा वजन का कमी करू शकत नाही याचं उत्तर आहे. सोनामुखीतली सेनोसाइड्स ही द्रव्यं पोटात आणि लहान आतड्यात काहीच करत नाहीत. ती तशीच मोठ्या आतड्यापर्यंत जातात, तिथले जिवाणू त्यांचं रूपांतर करतात, आणि मग मोठं आतडं जोरात आकुंचन पावू लागतं. तोवर तुम्ही खाल्लेल्या भाकरीतली, आमटीतली, श्रीखंडातली जवळजवळ सगळी ऊर्जा लहान आतड्याने शोषून घेतलेली असते. मोठ्या आतड्याकडे जातो तो चोथा, पाणी आणि क्षार. चहा बाहेर काढतो तो तेवढाच ऐवज.

हे मोजूनही झालंय. १९८३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी जुलाबाच्या गोळ्यांचे मोठे डोस घेणाऱ्यांवर हा हिशेब केला. काही लिटर पातळ जुलाब होऊनही अन्नातून मिळणाऱ्या कॅलरींत घट झाली ती जेमतेम १२ टक्के. तेवढ्यासाठी माणूस किती सुकला असेल, याची कल्पना करा. आणि तुमचा एक कप चहा त्या डोसाच्या जवळपासही जात नाही.

पाण्याबरोबर पोटॅशियम जातं. पोटऱ्यांत येणारे गोळे, पायांतली ताकद गेल्यासारखं वाटणं, छातीतली धडधड, ही सगळी पोटॅशियम उतरल्याची लक्षणं असू शकतात. रक्तात ते साधारण ३.५ ते ५ असावं लागतं, आणि हृदयाचे ठोके नियमित पडण्याचं गणित याच क्षारावर चालतं. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांना, किडनीचा किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांना हाच चहा जास्त महागात पडतो. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, पण पॅकेज जाऊबाईंनी आणखी कोणाकोणाला सुचवलंय ते मला माहीत नाही, म्हणून लिहून ठेवतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांनीही ध्यानात ठेवावं, जोराचे जुलाब झाले तर त्या गोळीचा भरवसा राहत नाही.

चहा सोडल्यावर काय होतं हेही आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही घाबरून परत सुरू कराल. पहिले दोन-तीन दिवस शौचाला होणार नाही. मोठं आतडं रिकामं केलेलं आहे, ते भरायला वेळ लागणारच. याला बद्धकोष्ठ म्हणत नाहीत. दुसरं म्हणजे, पाणी कमी पडल्यावर शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवायला शिकलेलं असतं, आणि ती सवय मोडायला थोडे दिवस लागतात. त्यामुळे चहा थांबवल्यावर अंगठी घट्ट होईल, चेहरा सुजल्यासारखा वाटेल, काटा किलोभर वर जाईल. नेमक्या याच आठवड्यात बहुतेक जणी दुसरं पाकीट मागवतात. तुम्ही मागवू नका. आठ-दहा दिवसांत पाणी आपोआप उतरतं.

'विषद्रव्यं' हा शब्द कोच वापरतात तेव्हा त्यांना एकच विचारा: कुठलं? नाव सांगा. शिसं, पारा, अल्कोहोल, अमोनिया, काहीतरी नाव असेलच ना. २००९ साली ब्रिटनमधल्या तरुण वैज्ञानिकांच्या एका गटाने डिटॉक्स म्हणून विकल्या जाणाऱ्या पंधरा उत्पादनांच्या कंपन्यांना हाच प्रश्न विचारला होता. एकाही कंपनीला धड उत्तर देता आलं नाही. तुमच्या शरीरात प्रथिनं मोडताना रोज अमोनिया तयार होतो, तो खरोखर विषारी आहे. यकृत त्याचा युरिया करतं आणि किडनी तो लघवीतून काढते. आत्ता तुम्ही हे वाचत असतानाही ते चालू आहे. हे काम थांबलं तर माणूस बेशुद्ध होतो, आणि मग चहा नाही, अतिदक्षता विभाग लागतो.

ज्यूसच्या दिवसांत डोकं दुखलं असेल, चिडचिड झाली असेल. तेही विष निघण्याचं लक्षण म्हणून सांगतात. रोजचा दोन-तीन कप साखरेचा चहा एकदम बंद केला की दुसऱ्या दिवशी कॅफिन न मिळाल्याने डोकं दुखतंच, आणि उपाशी माणूस चिडतोच.

ज्यूसबद्दल मी फार लिहिणार नाही. मोसंबीच्या मोठ्या पेल्यात वीसेक ग्रॅम साखर असते, प्रथिनं नावाला, आणि चोथा तर गाळून फेकलेला. चार दिवसांत तुम्हाला त्याने मोठा धोका झाला असं नाही. मधुमेही माणसाला झाला असता. पण 'यकृत साफ करायला' सकाळी अनशापोटी दुधीचा रस द्यायची जी पद्धत आहे, तिच्यावर थांबायलाच हवं. तुमच्या पॅकेजात तो असेल तर हा परिच्छेद जाऊबाईंनाही वाचायला द्या.

दुधी, काकडी, दोडका ही एकाच कुळातली वेलवर्गीय झाडं. त्यांच्यात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात, एरवी अगदी थोडी. एखाद्या फळात मात्र ती खूप वाढतात, आणि वरून बघून ते ओळखता येत नाही. रंग तोच, आकार तोच. २०१० साली दिल्लीत दुधीचा कडू रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने समिती नेमून अशा प्रकरणांचा अभ्यास केला. चित्र ठिकठिकाणी सारखंच होतं: रस कडू लागला, पण 'कडू म्हणजे औषधी' म्हणून डोळे मिटून संपवला. थोड्या वेळात पोटात कळ, उलट्या, जुलाब, काहींना रक्ताची उलटी, मग रक्तदाब कोसळणं. यावर उतारा नाही, फक्त सलाइन आणि देखरेख.

तेव्हा समितीने जे सांगितलं तेच मी सांगतो. दुधी कापल्यावर एक बारीक चकती जिभेवर ठेवून बघा. जराही कडवट लागली तर अख्खा दुधी टाकून द्या. रस काढलाच तर त्यात आवळा, कारलं, आलं असलं काही मिसळू नका, कारण कडू चव झाकली जाते आणि धोक्याची एकुलती एक सूचना हातची जाते. बाजारातल्या मिश्र 'ग्रीन ज्यूस'मध्ये नेमकं हेच होतं. भाजी केली असती तर पहिल्याच घासाला घरातल्या कोणीतरी तोंड वाकडं केलं असतं आणि कढई तिथेच राहिली असती. पेला मात्र नाक दाबून रिकामा करता येतो.

आता कॅप्सूल. तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीने मी सावध झालो, ती पिळ्याची नाही. 'भूक मात्र अजिबात लागत नाही' ही ती ओळ. बरोबर कोरडं तोंड, धडधड आणि गेलेली झोप.

आधी बाटलीवर जे छापलंय त्याचाच विचार करू. फॅट बर्नरमध्ये बहुतेक वेळा कॅफिन, ग्रीन टीचा अर्क आणि गार्सिनिया असतं. कॅफिनने शरीराचा ऊर्जाखर्च थोडा वाढतो, हे खरं आहे. पण तो वाढतो दिवसाला जेमतेम एका चपातीएवढा, आणि काही दिवसांत शरीराला सवय झाली की तेवढाही उरत नाही. एका कॅप्सूलमध्ये २०० मिलिग्रॅम कॅफिन ही सर्रास दिसणारी मात्रा. दोन कॅप्सूल म्हणजे ४००, आणि निरोगी मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून जास्तीत जास्त तेवढंच चालतं. त्यावर तुमचा सकाळ-दुपारचा चहा. म्हणजे झोप का गेली याचं उत्तर लेबलवरच आहे.

ग्रीन टीबद्दल लोक म्हणतात, चहाच तर आहे. पेल्यातला चहा आणि गोळीतला अर्क यांत फरक मात्रेचा आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की अर्कातून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी, म्हणजे ग्रीन टीमधलं मुख्य द्रव्य, घेणाऱ्यांत यकृताची एन्झाइम्स वाढलेली दिसतात. नेहमीचा चहा पिणाऱ्यांच्या पोटात साधारण ९० ते ३०० जातं. काही जणांना त्याहून कमी मात्रेतही अर्क बाधतो, आणि कोणाला बाधेल हे आधी कळत नाही. गार्सिनियाचंही तसंच. हे आपल्या कोकमाचं केरळकडचं भावंड. आमसुलाच्या सोलकढीने कोणाचं यकृत बिघडलं असं ऐकिवात नाही, पण त्याच कुळातल्या फळाचा तीव्र अर्क महिनोन्‌महिने घेतल्यावर कावीळ झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. असा त्रास अनेकदा एक ते तीन महिन्यांनी दिसतो. लघवी गडद पिवळी-तपकिरी झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली किंवा अन्नाचा वास नकोसा झाला, तर कॅप्सूल बंद करून महिना झालेला असला तरी डॉक्टरांना तिचं नाव सांगा. रुग्ण नेमकं तेवढंच सांगायचं विसरतात, कारण त्यांच्या लेखी ते 'औषध' नसतं.

पण कॅफिनने भूक इतकी ठार मरत नाही. ग्रीन टीने नाही, गार्सिनियाने तर नाहीच. हर्बल म्हणून विकलेल्या कॅप्सूलने एक-दोन दिवसांत भूक नाहीशी होते, तोंडाला कोरड पडते आणि नाडी वाढते, तेव्हा माझ्यासारख्या डॉक्टरच्या मनात पहिलं नाव येतं ते सिब्युट्रामिनचं.

सिब्युट्रामिन हे एके काळी रीतसर विकलं जाणारं भूक मारण्याचं औषध. १९९७ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. पुढे हृदयविकाराचा धोका असलेल्या हजारो रुग्णांवर कित्येक वर्षं चाललेल्या चाचणीत दिसलं की ते घेणाऱ्यांत हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण १६ टक्क्यांनी जास्त आहे. २०१० मध्ये ते अमेरिका-युरोपात बाजारातून काढलं गेलं, २०११ मध्ये भारतानेही बंदी घातली. औषधाच्या दुकानातून गेलं, पण कारखान्यांत त्याची पावडर शिल्लक राहिली, आणि ती 'नैसर्गिक' कॅप्सूलांत शिरली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २००७ ते २०१६ या काळात न सांगता औषध मिसळलेली ७७६ पूरक उत्पादनं सापडली. त्यांतली ३१७ वजन कमी करणारी होती, आणि त्या ३१७ पैकी सुमारे ८५ टक्क्यांत सिब्युट्रामिन होतं. हा आकडा तिकडचा आहे, पण ऑनलाइन मागवलेली कॅप्सूल कुठल्या देशात भरली गेली हे तुमच्या कोचनाही सांगता येईल असं वाटत नाही.

तुमच्या बाटलीत ते आहेच, असं मी पत्रावरून म्हणू शकत नाही. ते फक्त प्रयोगशाळा सांगेल. मला चिंता आहे ती दोन गोष्टी एकत्र आल्याची. चहामुळे पोटॅशियम उतरलेलं आणि वरून हृदयाला पळवणारं कॅप्सूल, मग ते पळवणारं कॅफिन असो की आणखी काही. ठोक्यांची लय बिघडायला ही जोडी पुरते. ईसीजी आणि पोटॅशियम दोन्ही एकाच दिवशी करायला सांगितलं ते यासाठी. कोणी नैराश्याच्या गोळ्या घेत असेल तर सिब्युट्रामिनशी त्यांचा संयोग आणखी घातक ठरतो.

कधी कधी मला विचारतात, मग चरबी खरोखर जाळणारी गोळी निघालीच नाही का? निघाली होती. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल हाताळणारे कामगार बारीक होत चालले, त्यांना सतत घाम फुटे आणि काही दगावले. १९३३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी तेच रसायन वजनासाठी वापरून पाहिलं, आणि पुढच्या काळात अमेरिकेत सुमारे लाखभर लोकांनी ते घेतलं. ते खरोखर काम करतं. पेशी अन्नातून जी ऊर्जा साठवतात ती साठू न देता तिची नुसती उष्णता करतं. वजन भराभर उतरतं, पण अंगाचं तापमानही चढत जातं, आणि एका मर्यादेपलीकडे ते कशानेच उतरत नाही. वजन उतरवणारा डोस आणि मारणारा डोस यांत फारसं अंतर नाही, उतारा नाही. जे वाचले त्यांतल्या अनेकांना ऐन तरुणपणी मोतीबिंदू झाला. १९३८ मध्ये अमेरिकेने ते माणसाच्या पोटात जाण्यास अयोग्य ठरवलं. तरीही व्यायामशाळांच्या आडोशाने पिवळ्या कॅप्सूलांत ते अजून फिरतं आणि अजून माणसं मारतं. 'फॅट बर्नर' हे नाव ज्या एका गोळीला शोभलं असतं, तिची ही कथा.

'हर्बल आहे' याचं उत्तर एव्हाना मिळालंच असेल. सोनामुखी हर्बलच आहे, कडू दुधीही. पाकिटावरचा एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक पाहून बऱ्याच जणांना धीर येतो. तो खाद्यव्यवसायाचा परवाना आहे. आतल्या मालाने वजन उतरतं असं त्यातून कोणीही प्रमाणित केलेलं नाही. लठ्ठपणा घालवणारं औषध म्हणून जाहिरात करणं तर १९५४ च्या औषधे व जादूई उपचार कायद्यानेच निषिद्ध आहे. त्यातल्या आजारांच्या यादीत लठ्ठपणा नावानिशी आहे. म्हणून जाहिरातीत 'लठ्ठपणा' न म्हणता 'इंच लॉस', 'टमी फ्लॅट' आणि 'बॉडी क्लीन्स' म्हणतात. हुशारी तिथे खर्च होते.

बाटली ठेवायला सांगितली ती दोन कामांसाठी. एक, डॉक्टरांना दाखवायला. दोन, तक्रारीला. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात बाटली, पावती आणि लक्षणांची तारीखवार नोंद देऊन लेखी अर्ज करता येतो; नमुना तपासायचा अधिकार त्यांचा आहे. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद राष्ट्रीय पातळीवर १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावरही करता येते. जाऊबाईंशी संबंध बिघडतील असं वाटत असेल तर त्यांना तक्रारीत ओढायची गरज नाही, माल कुठून आला तेवढं पुरे. त्यांनाही तीच कॅप्सूल चालू असेल, तर आधी त्यांचा रक्तदाब मोजा.

थायरॉइडची गोळी सकाळी उठल्यावर अनशापोटी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि पुढचा अर्धा ते एक तास चहा, ज्यूस काहीही नको, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी किमान चार तासांनी, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. केस-त्वचेच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यातल्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. सहा आठवड्यांनी टीएसएच करा. वजन उतरत नव्हतं ते थायरॉइड नीट आटोक्यात नसल्यामुळे, असंही निघू शकतं, आणि त्याला उपाय आहे. उद्याच्या रक्तात पोटॅशियमबरोबर किडनीसाठी क्रिएटिनिन आणि यकृतासाठी एसजीपीटीही बघून घ्या, एकाच सुईत होतं. पोटॅशियम कमी निघालं तर किती आणि कसं भरायचं ते डॉक्टर ठरवतील. दुकानातून औषध आणून स्वतः घेऊ नका, ते जास्त झालं तरी हृदयाला तेवढंच वाईट.

लग्नाचं म्हणाल तर सहा आठवड्यांत अडीच-तीन किलो खरी चरबी जाऊ शकते, दिवसाला ५०० कॅलरींची तूट ठेवली तर. दोन चहांतली साखर, संध्याकाळचं फरसाण आणि रात्रीच्या ताटातला अर्धा भात एवढं कमी केलं की बहुतेक घरांत त्यातला मोठा भाग निघतो. डाळ, अंडी, दही, मटकी यांत काटकसर करू नका, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातील. पहिल्या आठवड्यात काटा वर गेलेला दिसेल, त्याचं कारण वर लिहिलंय. ब्लाउज शिवायला टाकणार असाल तर माप त्यानंतर द्या.